एकमत झालं, पण विचार कुणी केला?

आमच्या बैठकीत एकमत व्हायला कधी वेळ लागत नाही. गायरानावरच्या अतिक्रमणांच्या प्रश्नावर तहसीलवर मोर्चा काढायचा ठरला, तेव्हाही लागला नाही. भाऊंनी आल्या आल्या तारीख सांगितली, अकराच्या अकरा माना हलल्या, पाचशे माणूस येणार हेही ठरून गेलं. मोर्चाला आली कशीबशी साठ माणसं. दिवस कांदा काढणीचे होते. ज्यांच्या घरांचा प्रश्न होता ती माणसं वावरात होती, कारण वर्षातली बरी मजुरी त्याच पंधरवड्यात मिळते. नंतर चहाच्या टपरीवर एक पोरगा म्हणाला, "माझी आईच उक्त्यात कांदे काढायला गेली होती. मला माहीत होतं." मग बोलला का नाहीस? "सगळ्यांना पटलेलं दिसलं. भाऊंनी तारीख पण दिली होती." खरं तर शंका मलाही होती. मीही सगळ्यांचे चेहरे बघूनच गप्प बसलो होतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अर्व्हिंग जॅनिस याने 1972 मध्ये याला 'ग्रुपथिंक' म्हटलं. आपण समूहविचार म्हणू. क्युबावरच्या 1961 च्या फसलेल्या स्वारीचा निर्णय केनेडींच्या हुशार सल्लागारांनी कसा घेतला, हे त्याने तपासलं. ही माणसं मूर्ख नव्हती, भांडकुदळही नव्हती. एकमेकांना धरून होती, आणि तिथेच घोटाळा झाला. प्रत्येकाने आपली शंका गिळली आणि दुसऱ्याच्या गप्प बसण्याला होकार समजला.

मोर्चा फसल्यानंतर मी नगरजवळच्या हिवरे बाजारला गेलो. एकजुटीचं गाव म्हणून त्याचं नाव सगळे घेतात. 1990 च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले आणि चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, श्रमदान असे नियम गावाने स्वतःवर घालून घेतले. इतकी घट्ट एकी, एकच नेतृत्व, बहुतेक निवडणुका बिनविरोध. जॅनिसच्या हिशोबाने हे गाव चुकीच्या निर्णयांचं कोठार व्हायला हवं होतं. पाण्याच्या बाबतीत ते झालं नाही. का?

माझं उत्तर असं: तिथे ग्रामसभेत एक असा सदस्य आहे जो कुणाची भीड ठेवत नाही. तो म्हणजे पर्जन्यमापक. पाऊस मोजतात, निरीक्षण विहिरींची पातळी बघतात आणि मग पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. त्यातलं काही वाहून जातं, काही उडून जातं, काही जमिनीत मुरतं. उरलेल्यातून आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं, मग पिकांचं बघायचं. पाऊस कमी असेल तर जास्त पाणी पिणारं पीक घ्यायचं नाही. ऊस-केळीला तर तिथे बंदीच आहे. सगळा गाव एकमुखाने "पाणी भरपूर आहे" म्हणाला तरी विहिरीची पातळी चढत नाही.

पण ज्या निर्णयाला पर्जन्यमापक नसतो, त्याचं काय? चराईबंदीच घ्या. डोंगर हिरवा झाला, गवत कापून न्यायची मुभा राहिली, हे खरं. तरी कुठल्याही गावात हा नियम सगळ्यांना सारखा पडत नाही. वावर असलेला बांधावरचा चारा कापून आणतो. भूमिहीनाची शेळी म्हणजे त्याची बँक, आणि ती मोकळ्या रानावरच जगते. ग्रामसभेत हात वर झाले म्हणजे एकमत झालं असं धरायचं, तर हेही विचारावं लागेल की नियमाची किंमत मोजणारा बोलला का, आणि 'नाही' म्हणून त्याला दुसऱ्या दिवशी त्याच गावात मजुरी मागता आली असती का. बाबासाहेबांनी संविधान सभेत 1948 मध्ये खेड्याचं गोडवं गायला नकार दिला, तो याच अनुभवातून. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा त्यांचा 1949 चा इशारा आपण दुसऱ्यांना ऐकवतो. आपल्या बैठकीत भाऊ बोलले की आपणही गप्पच बसतो.

हिवरे बाजारमध्ये 2021 च्या जानेवारीत तीस वर्षांनी निवडणूक झाली. पवारांच्या पॅनलने सातही जागा जिंकल्या. काहींना गावाची परंपरा मोडली याचं वाईट वाटलं. मला तो निकाल आधीच्या बिनविरोध निकालांपेक्षा मोलाचा वाटतो, कारण या वेळी विरोधातली मतं मोजली गेली.

केनेडींनी 1962 च्या क्षेपणास्त्र संकटात पद्धत बदलली होती. काही बैठकांना ते मुद्दाम गेले नाहीत, म्हणजे बाकीचे मोकळेपणाने भांडतील. आम्ही भाऊंना बैठकीला येऊ नका म्हणू शकत नव्हतो, आणि ते ऐकणारेही नाहीत! म्हणून पुढच्या बैठकीत एवढंच केलं की भाऊ बोलण्याआधी प्रत्येकाने तारीख आणि एक अडचण चिठ्ठीवर लिहायची, नाव न घालता. अकरा चिठ्ठ्या उघडल्या. भाऊंच्या मनातली तारीख चौघांनीच लिहिली होती. भाऊ जरा वेळ चिठ्ठ्यांकडे बघत राहिले, मग म्हणाले, "गेल्या वेळी का नाही लिहिल्या रे?"