बोटाएवढे भोक

घरात इंटरनेटची तार घ्यायची, म्हणून मालकीणबाईंकडे अर्ज घेऊन गेलो. मास्तरच पडलो!

"मागच्या भाडेकरूनं गच्चीत भोकं पाडून डिश बसवली, दोन पावसाळे माझं देवघर गळलं," त्या म्हणाल्या.

मी चित्र काढून दाखवले. तार कठड्यावरून खाली आणायची. गच्चीला भोक नाही. भिंतीतले भोक बोटाएवढे, बाहेरच्या बाजूला उतरते, म्हणजे पाणी आत येत नाही. भोकाबाहेर तारेला खाली झोल द्यायचा. थेंब तिथूनच गळतो. फट लगेच बुजवायची, घर सोडताना भोकही.

बाईंनी सही केली आणि खाली लिहिले, "पहिला पाऊस दोघांनी पाहावा."

जूनमध्ये आम्ही पाहिला. झोलाशी थेंब जमे, गळे. बाईंनी आतल्या भिंतीवरून हात फिरवला आणि चहा टाकला.