उतारवयात आवाज का विरतो?

साठी-पासष्टीनंतर आवाज हळूहळू पातळ, खरखरीत आणि दमलेला होत जातो. सर्दीने बसलेला घसा आठवड्याभरात मोकळा होतो, हा बदल मात्र वर्षभर घरातल्या कोणाच्या ध्यानातही येत नाही. स्वरयंत्रातल्या दोन स्वरतंतूंच्या आत एक स्नायू असतो आणि त्यावर मऊ, लवचिक अस्तर. वयानुसार स्नायू झिजतो आणि अस्तर पातळ व ताठर होते. मग बोलताना एकमेकांना भिडायला हवेत ते दोन काठ मधोमध बाक घेतात आणि त्यांच्यात चातीच्या आकाराची फट राहते. आवाज व्हायच्या आधीच श्वास तिच्यातून निसटतो. पुरुषांचा आवाज त्यामुळे बहुधा चढा व बारीक होतो. बायकांचा मात्र पाळी गेल्यानंतर अस्तराला सूज येऊन उलट जाड आणि खालच्या पट्टीतला होतो.

मनमाडच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या गृहस्थांचे उदाहरण घेऊ. नमुन्यादाखल बेतलेले असले तरी असे गृहस्थ गावात अनेक सापडतील. फोनवर लोक त्यांना ‘ताई’ म्हणतात. संध्याकाळच्या हरिपाठात एक ओळ एका दमात पुरी होत नाही. बायकोला थोडे कमी ऐकू येते, म्हणून ते मान ताणून ओरडतात आणि रात्रीपर्यंत घसा दुखून येतो. फट भरून काढण्यासाठी ते स्वरतंतूंच्या वरच्या घड्या आवळून बोलत असतात. खरखर आणि थकवा बराचसा या आवळण्याचा असतो, नुसत्या वयाचा नव्हे. उपचाराला वाव मिळतो तो इथेच. (बायकोच्या कानाला यंत्र बसवले तर निम्मे ओरडणे आपोआप थांबेल, हे कोणी सुचवत नाही.)

आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने स्वरतंतू पाहून घ्यायला हवेत. आवाज चार आठवड्यांहून अधिक काळ बसलेला असेल तर ‘वयोमानाने होतं’ म्हणून सोडून देऊ नये. तंबाखू-विडीची सवय, थुंकीत रक्त, गिळताना अडथळा, मानेत गाठ किंवा घटलेले वजन यांपैकी काही असेल तर चार आठवडेसुद्धा थांबू नये, कारण कर्करोगाची सुरुवातही बसलेल्या आवाजानेच होऊ शकते. एका बाजूचा तंतू लुळा पडणे आणि कंपवात यांतही आवाज क्षीण होतो, पण त्यांचे उपचार वेगळे असतात.

दुर्बिणीत फक्त बाक आणि फट दिसली की वाचा-उपचारतज्ज्ञ सोपी मोजणी करतो. पोटभर श्वास घेऊन ‘आऽऽ’ किती वेळ टिकतो ते घड्याळ लावून पाहायचे. आपल्या गृहस्थांचा आठ सेकंद टिकला असे समजू. या वयात बारा-पंधरा सेकंदांची अपेक्षा असते.

मग व्यायाम. पहिला, सोयीच्या पट्टीत हलका ‘ई’ जमेल तितका लांबवणे. दुसरा, खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत न तुटता घसरत जाणे, आणि तिसरा तसेच वरून खाली येणे. चौथ्यात ओठांचा चंबू करून सा, रे, ग, म, प हे पाच स्वर एकेक करून शक्य तितके टिकवायचे. हार्मोनियम असेल तर पांढरी एकपासून सुरू करावे, झेपत नसेल तर खाली उतरावे. प्रत्येक प्रकार दोनदा, सकाळ-संध्याकाळ, निदान सहा आठवडे. हे सगळे हळू आवाजात करायचे असते, आणि नेमके तेच लोकांना पटत नाही. जोर लावला की जुनी आवळण्याची सवय परत येते. मानेच्या शिरा फुगल्या, हनुवटी वर गेली किंवा व्यायामानंतर घसा खवखवला, तर पद्धत चुकते आहे असे समजावे.

गळा फार आवळला जात असेल तर अर्धा पेला पाण्यात स्ट्रॉचे टोक एक-दोन सेंटीमीटर बुडवून बुडबुडे काढत ‘ऊऽऽ’ म्हणायला लावतात. तोंडात दाब साठतो, तो स्वरतंतूंना खालून आलेल्या हवेचा मार बसू देत नाही आणि गळा सैल पडतो.  फट मोठी असेल, तर मात्र उलट वाट धरतात. पोटातून श्वास घेऊन मोठा, ठाम ‘आ’ लावायचा आणि रोजची वाक्येही त्याच आवाजात म्हणायची. दोन्हींपैकी काय निवडायचे ते तज्ज्ञाने ठरवावे. मोबाईलवरचे व्हिडिओ बघून दोन्ही एकदम करू नयेत.

सहा आठवड्यांनी ‘आऽऽ’ बारा सेकंदांवर आला आणि हरिपाठाची ओळ एका दमात संपली, तर उपचार लागू पडला. दुर्बिणीत फट मात्र बऱ्याचदा तशीच दिसते. सुधारलेला असतो तो श्वास, स्नायूंची ताकद आणि आवाज लावण्याची पद्धत. व्यायाम बंद केला की फायदा ओसरू लागतो, म्हणून पुढेही आठवड्यातून दोन-तीनदा तो चालू ठेवावा लागतो. इतके करूनही आवाज उमटत नसेल, तर स्वरतंतूंत भरण घालणारे इंजेक्शन किंवा बाहेरून त्यांना मध्याकडे ढकलणारी शस्त्रक्रिया उरते. इंजेक्शनातला पदार्थ बहुधा काही महिन्यांत विरघळतो, आणि त्यानंतरही आवाज लावण्याची सवय व्यायामानेच बदलावी लागते.