हातचा एक

माझ्या कॅलक्युलेटरने केलेली पहिलीच बेरीज चुकली. एक अधिक एक, उत्तर तीन. शेजारी बसलेला भाचा एवढा हसला की खालच्या मजल्यावरून आईने विचारलं, काय झालं गं?

आमचं घर काशीतलं, पंचगंगा घाटाच्या वर, मंगला गौरीच्या देवळाच्या गल्लीत. या भागात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि त्यांचे जिने उभे, अरुंद, दिवसाही अंधारे. आमच्या जिन्यात एकच दिवा आहे आणि त्याला बटणं दोन, एक खाली नि एक वर. कुठलंही एक दाबलं की दिवा बदलतो. मी कॉलेजात डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. पहिल्या वर्षाच्या मुलांना एक्सॉर गेट समजावताना मी दर वर्षी हाच जिना फळ्यावर काढते. दोन बटणं एकसारखी असली तर दिवा बंद, वेगवेगळी असली तर चालू. बेरजेतला एककाचा आकडाही असाच वागतो. शून्य अधिक एक म्हणजे एक. एक अधिक एक केलं, तर एककाच्या घरात पुन्हा शून्य, आणि हातचा एक.

गेल्या सुट्टीत भाच्याने मला माइनक्राफ्टमध्ये ओढलं. त्या खेळात जमिनीखालून रेडस्टोन नावाची लाल भुकटी निघते. ती अंथरली की तार होते. लिव्हर हे बटण, लॅम्प हा दिवा. टॉर्च मात्र उलट्या स्वभावाची आहे. ती ज्या ठोकळ्याला चिकटवलेली असते, त्याला वीज मिळाली की ती विझते. एवढ्या एका उलटेपणावर सगळं गणित उभं राहतं. दोन टॉर्च दोन्ही लिव्हरचे संकेत उलटवतात, तिसरी त्या दोघींचं एकत्र आलेलं उत्तर पुन्हा उलटवते, आणि ती दोन्ही लिव्हर चालू असतील तेव्हाच पेटते. हे अँड गेट, म्हणजे आपला हातचा. २०१०च्या जुलैत रेडस्टोन खेळात आला आणि त्याच वर्षी लोकांनी त्यात सोळा बिटांची बेरीज करणारी यंत्रं बांधली होती. मला एका बिटाचं जमेना.

हातच्याचा दिवा बरोबर पेटला होता. चूक एककाच्या दिव्याची होती. तो विझायला हवा होता, पण पेटलेलाच राहिला. हातच्याचे दोन, एककाचा एक, म्हणून तीन.

एक्सॉरसाठी मी कम्पॅरेटर वापरले होते. या ठोकळ्यावर उजवं बटण दाबलं की त्याच्या पुढची छोटी टॉर्च पेटते आणि तो वजाबाकी करायला लागतो. मागून आलेल्या संकेतातून बाजूने आलेला वजा करतो, उत्तर ऋण आलं तर शून्य देतो. एक कम्पॅरेटर ‘अ’तून ‘ब’ वजा करतो, दुसरा ‘ब’तून ‘अ’, आणि दोघांची उत्तरं एकाच तारेत सोडायची. दोन्ही लिव्हर चालू असल्या की वजाबाकी शून्य, दिवा बंद. कागदावर यात काही खोट नाही.

पण कागदावरची तार झिजत नाही आणि ही झिजते. रेडस्टोनचा संकेत १५ने निघतो आणि भुकटीच्या दर ठोकळ्यामागे एकाने उतरतो. सोळाव्या ठोकळ्यावर काहीच उरत नाही. `F3` दाबून भुकटीच्या एकेका ठोकळ्याकडे पाहत गेले. ‘अ’ची तार सरळ होती, ती कम्पॅरेटरशी `power: 12` दाखवत होती. ‘ब’ची तार मी खांबाला वळसा घालून आणली होती. तिथे `power: 10`. बारातून दहा गेले, दोन उरले. दोनचा संकेत तसा मरतुकडा, दोन ठोकळ्यांत संपला असता. पण पुढे मीच शहाणपणाने रिपीटर बसवला होता. रिपीटर आलेल्या कुठल्याही संकेताला पुन्हा १५ करतो. माझ्या चुकीला त्याने न विचारता पूर्ण पगार दिला.

उपाय सोपा निघाला. दोन्ही कम्पॅरेटरच्या मागे आणि बाजूला, म्हणजे चारही तोंडांशी, एकेक रिपीटर. आता जे येईल ते १५ तरी असेल, नाही तर शून्य. त्यासाठी एक दशांश सेकंदाचा उशीर पदरात पडला. विद्यार्थ्यांना मी ‘एक म्हणजे एक, शून्य म्हणजे शून्य’ असं इतकी वर्षं सांगत आले. एक हा एकच राहावा म्हणून तारेत काय काय करावं लागतं, हे मात्र आमच्या प्रयोगशाळेतल्या तयार चिपांनी मला कधी दाखवलं नव्हतं. बेल लॅबमधल्या जॉर्ज स्टिबिट्झने १९३७ साली घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन रिले आणि टॉर्चचे बल्ब जोडून असाच एका बिटाचा बेरजेचा खेळ केला होता.

पुढचं काम गवंड्याचं. अशा दोन अर्ध्या बेरजा जोडल्या की मागच्या घरातला हातचा घेणारी पूर्ण बेरीज होते, आणि तशा आठ घरांची रांग लावली की २५५पर्यंतच्या संख्या घालता येतात. रांग पूर्ण झाली त्या संध्याकाळी भाच्याने एकीकडे आठही लिव्हर चालू केल्या, म्हणजे २५५, आणि दुसरीकडे एक मिळवला. पेटलेले आठ दिवे उजवीकडून एकेक करून विझत गेले आणि शेवटी नववा पेटला. २५६. हातचा एका घरातून दुसऱ्या घरात जायला माझ्या बांधणीत तीन टिक घेतो, टिक म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. आठ घरांना मिळून जवळजवळ अडीच सेकंद. तेवढा वेळ दिवे जे दाखवतात ते उत्तर चूकच असतं. २५४, मग २५२, मग २४८.

“आत्या, हे दिवे कोण वाचणार? मला आकडे हवेत,” भाचा म्हणाला.

आकडे म्हणजे नवी कटकट. सात अधिक पाच घेतलं तर चार दिवे ११०० दाखवतात, आठ नि चार, बारा. बरोबरच आहे, पण बारा हा एक अंक नव्हे. चार दिव्यांच्या घरात पंधरापर्यंत मोजता येतं आणि आपला हातचा दहालाच लागतो. मधल्या सहा जागा रिकाम्या. म्हणून उत्तर नवाच्या वर गेलं की त्यात आणखी सहा मिळवायचे. ११०० अधिक ०११० म्हणजे १००१०. डावीकडचा एक घराबाहेर पडला, तो दशकाचा हातचा. उरले ००१०, म्हणजे दोन. एक आणि दोन, बारा. नवाच्या वर गेलं हे ओळखायलाही वेगळा गेट लागतो. आठाचा दिवा पेटलाय आणि सोबत चाराचा किंवा दोनाचा पेटलाय का, किंवा हातचा आधीच बाहेर पडलाय का, एवढं तो बघतो. पहिल्यांदा मी ही शेवटची अट विसरले. आठ अधिक सात नीट आले, पंधरा. नऊ अधिक आठचे मात्र अकरा झाले. सतरातले सोळा हातच्यात गेले, मागे एकच उरला, आणि त्यात सहा मिळवायचे हे कुणी सांगितलंच नाही.

तो गेट लावला तेव्हा साडेनऊ वाजले होते. आईने जेवायला दुसऱ्यांदा हाक मारली. भाचा धडधडत खाली उतरला, मी वरच्या बटणाशी पोचले. त्याने खालचं दाबलं, त्याच क्षणी मी वरचं. दिवा जरासा लुकलुकला आणि होता तसाच राहिला.

“आत्या, हातचा कुठे गेला?” खालून आवाज आला.