नेसण पायाकडून वाचावी

फोटोतली साडी ओळखायला बसलेल्याची नजर आधी कापडावर जाते. पैठणी दिसली की बाई मराठी, कांजीवरम दिसली की तमिळ. पण कापड बाजारातून कुठूनही येते आणि नेसण घरात शिकली जाते, त्यामुळे कापडाची साक्ष सगळ्यांत शेवटी घ्यावी. पदरालाही दुसराच क्रमांक द्यावा, कारण थंडी, उन्हे, वडीलधाऱ्यांची उपस्थिती किंवा छायाचित्रकाराची हौस यांनी पदर हलतो. कमरेखालची घडण सहसा हलत नाही. म्हणून वाचन पायाकडून सुरू करावे.

पहिला प्रश्न असा की दोन पायांमधून कापड मागे गेले आहे का. नऊवारी लुगड्यात मधले कापड मागे नेऊन काष्टा खोचतात, त्यामुळे दोन्ही पाय सुटे गुंडाळलेले असतात. बाई समोरून, ताठ उभी असेल आणि पुढच्या निऱ्या घोट्यापर्यंत लांब असतील, तर हे चटकन दिसत नाही व नऊवारी सहावारीसारखी भासते. अशा वेळी घोट्यांकडे पाहावे. सहावारीत खालचा काठ पायांभोवती सलग फिरतो. काष्ट्यात तो टाचांजवळ आत वळून मागे चढतो. बसलेल्या बाईच्या फोटोत गुडघ्यांमधल्या घडीवरूनही उलगडा होतो. काष्टा नसेल, पण पुढे निऱ्याही नसतील, तर बंगाली आटपौरे शैलीचा विचार करावा. तिथे कापड पुढून आडवे जाते-येते आणि आँचल डाव्या खांद्यावरून मागे जाऊन उजव्या हाताखालून पुन्हा पुढे येतो. निऱ्या मागे गेलेल्या दिसल्या तर ती बहुधा कोडगू.

शिवलेली, इलॅस्टिकची नऊवारी हल्ली फोटोंत फार भेटते. तिचे दोन्ही पाय विजारीसारखे एकसारखे आणि घड्या शिलाईत जखडलेल्या असतात. हाताने नेसलेल्या काष्ट्यात थोडी तरी असमानता राहते.

मग पदर. नऊवारीचा आणि आजच्या सर्वसाधारण सहावारीचा पदर डाव्या खांद्यावर जातो. गुजराती नेसणीत तो मागून उजव्या खांद्यावरून पुढे येतो, छातीवर पसरतो आणि टोक डावीकडे कमरेशी खोचले जाते. पारशी गारा नेसणाऱ्याही पदर उजव्या खांद्यावरच घेतात. गोव्यातल्या कुणबी स्त्रियांच्या जुन्या फोटोंत आखूड, चौकड्यांचे लुगडे आणि उजव्या खांद्यावरची गाठ ही जोडी दिसते. तिथे पदराऐवजी ती गाठच शोधावी.

उजवे-डावे पाहायचे तर फोटोच उलटा छापला नाही ना, हे आधी तपासावे लागते. जुन्या काचेच्या निगेटिव्हवरून चुकीच्या बाजूने प्रत काढली की सगळेच पालटते. फोटोत विलायती कोट घातलेला पुरुष असेल तर काम सोपे होते. पुरुषी कोटाचा डावा पाखा उजव्यावर येतो, म्हणजे सरळ छापलेल्या फोटोत वरचा पाखा बघणाऱ्याच्या उजव्या हाताला असतो. बाराबंदी, अंगरखा यांना हा नियम लावू नये. कुठे पाटी किंवा अक्षरे दिसली तर त्यापेक्षा चांगला पुरावा नाही.

एक उदाहरण घेऊ. स्टुडिओतला कुटुंबाचा फोटो आहे, मागे ‘मराठी दांपत्य’ असे लिहिले आहे. बाईच्या लुगड्याला काष्टा आहे, पण पदर उजव्या खांद्यावर. इथे दोन शक्यता उरतात. फोटो उलटा असेल तर हे साधे नऊवारी लुगडे असू शकते. फोटो सरळ असेल तर तमिळ ब्राह्मणांची मडिसार असण्याचा संभव वाढतो. तीही नऊवारी साडीत, कासोटा घालूनच नेसतात; अय्यर घरांत पदर उजव्या खांद्यावर, अय्यंगार घरांत डाव्या. नवऱ्याचा कोट पाहावा: वरचा पाखा बघणाऱ्याच्या उजव्या हाताला आहे, म्हणजे फोटो सरळ. आता पुन्हा पाय. मडिसारमध्ये समोरून एक बाजू धोतरासारखी सुटी दिसते आणि दुसऱ्या बाजूवर साडीचा फेरा येतो. इथे तसेच आहे. मागची ओळ बहुधा नंतर कुणीतरी अंदाजाने लिहिली असावी. फोटो उलटा निघाला असता, तर मात्र उजवा पदर मुळात डावा ठरला असता आणि अय्यंगार मडिसार व नऊवारी यांतला निवाडा एकट्या पायांवर सोपवावा लागला असता.

निवाडा झाला तरी तो नेसणीचा, बाईच्या जातीचा किंवा गावाचा नव्हे. राजा रविवर्म्याने चित्रांतल्या देवींना नऊवारी नेसवली, म्हणून कुणी त्यांचे माहेर महाराष्ट्रात शोधत नाही. ज्ञानदानंदिनी देवींनी तर मुंबईत पारशी नेसण पाहून, पदर डाव्या खांद्यावर घेऊन, नवी नेसण बंगालमध्ये नेली. त्यामुळे सूचीत ‘नऊवारी नेसलेली स्त्री’ असे लिहावे, ‘मराठी स्त्री’ असे लिहायला दुसरा पुरावा लागतो. फोटो कमरेपर्यंतच असेल तर ‘डाव्या खांद्यावर पदर, नेसण अनिश्चित’ एवढेच लिहून थांबावे.