आकडा एकच

ताप उतरला, पण सांध्यांतला ठणका जात नाही. नांदेडात दिवसभर पडून असतो. काल लातूरहून भाचीने पुस्तकातल्या एका उताऱ्याचा फोटो पाठवला. खाली एवढंच, ‘मामा, समजावून सांगा ना.’ उतारा ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारीच्या भूकंपाचा. उथळ केंद्र, ६.२ तीव्रता, दगडमातीची घरं, सगळं एका दमात. अडलं कुठे, तिला आधीचं किती ठाऊक, काहीच पत्ता नाही. सगळंच सांगत बसलो असतो तर ती ‘हो मामा, हो मामा’ म्हणत राहिली असती.

म्हटलं, पुस्तक मिट आणि तुझ्या शब्दांत दोन ओळी लिही. तिने लिहिलं, ‘किल्लारीत ६.२ होता, लातुरात कमी असेल, ४ वगैरे.’ गाठ इथे होती. ६.२ हा आकडा अख्ख्या भूकंपाचा. जमिनीखाली किती ऊर्जा सुटली त्याचं माप. लातुरातही तोच. गावागणिक बदलतो तो हादऱ्याचा जोर, आणि तो मोजायची मोजपट्टी निराळी. किल्लारी केंद्राजवळ, म्हणून तिथे जोर जास्त. त्यात चिखलात रचलेल्या जाडजूड दगडी भिंती पहाटे चारच्या सुमारास झोपलेल्या माणसांवर कोसळल्या.

बराच वेळ उत्तर आलं नाही. मग आलं, ‘पण मामा, आपल्याकडे भूकंप झालाच कसा? दख्खन तर स्थिर म्हणतात.’

उताऱ्यात हे नव्हतंच. बोटं दुखत होती. म्हटलं, संध्याकाळी फोन कर.