आई शांत आहे

सुरतेहून भडोचकडे जाणारी गाडी उत्राण मागे टाकून पुढे निघाली की कोसाडचे छोटेसे स्टेशन लागते. पूर्वी हे वेगळे गाव होते; आता ते सुरत महानगरपालिकेत आहे. या कोसाडला आमचे बिऱ्हाड चाळीस वर्षे आहे. येथील एका शाळेत मी मराठी आणि संस्कृत शिकवले, आणि निवृत्त झाल्यावर वयाच्या एकसष्टाव्या वर्षी स्पॅनिश शिकू लागलो. हौसेने म्हणावे तर तसे नाही. धाकट्या मुलाने माद्रिदला संसार थाटला, सून तिकडचीच मिळाली, आणि विहीणबाईंना स्पॅनिशखेरीज दुसरी कोणतीही भाषा येईना. दोन घरांनी नुसते हसून एकमेकांकडे किती दिवस पाहायचे? तेव्हा मीच वही घातली.

गेल्या मार्गशीर्षात आई अंथरुणाला खिळली होती. वय अठ्ठ्याऐंशी. आठवडाभर तिला रात्री दम लागे, तगमग होई, आणि घरातले कोणीच निजत नसे. अखेर औषध बदलले; त्या दुपारी तिला स्वस्थ झोप लागली. त्याच संध्याकाळी विहीणबाईंचा फोनवर निरोप आला. त्यांनी विचारले होते, ‘कोमो एस्ता ला आब्वेला?’ म्हणजे ‘आजी कशी आहे?’ मुलाला फोन करून त्याच्याकडून उत्तर लिहवून घेता आले असते. पण म्हटले, एवढे साधे वाक्य आपणच करावे. मराठीत ते तीन शब्दांचे होते : ‘आई शांत आहे.’ शब्दकोशात ‘शांत’ला ‘त्रांकीला’ सापडले, ‘आहे’ला ‘एस’ पाठ होते. मी लिहून पाठवले, ‘मी माद्रे एस त्रांकीला.’

थोड्या वेळाने उत्तर आले. त्याचा मतलब असा, की हो, तुमच्या आई फार शांत आहेत असे मुलीने मला सांगितले आहे. पण आज त्या कशा आहेत? मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. जे मी सांगितले तेच त्या पुन्हा विचारीत होत्या! विहीणबाईंचे लक्ष नाही की माझे चुकले, हे कळेना. शेवटी सूनबाईंना फोन लावला.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘बाबा, तुम्ही आजींचा स्वभाव सांगितलात. आईने प्रकृती विचारली होती.’’ ‘एस’ काढून तेथे ‘एस्ता’ घालायला त्यांनी सांगितले. एवढाच फरक. पण आठवडाभर जागून काढल्यानंतर ज्या एका बातमीने घराला धीर आला होता, ती बातमी माझ्या वाक्यात नव्हतीच. माझ्या वाक्यात होते ते आईचे गुणवर्णन.

मराठीत ज्या कामाला एक ‘असणे’ पुरते, त्या कामाला स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदे आहेत : ‘सेर’ आणि ‘एस्तार’. ‘एस’ हे पहिल्याचे रूप, ‘एस्ता’ हे दुसऱ्याचे. ‘कोमो एस?’ असे विचारले तर माणूस कोणत्या घडणीचा आहे ते सांगायचे, ‘कोमो एस्ता?’ असे विचारले तर तो सध्या कोणत्या अवस्थेत आहे ते सांगायचे. आपल्याकडेही हे दोन प्रश्न आहेतच, फक्त त्यांचे शब्द एक आहेत. लग्नघरात ‘सून कशी आहे?’ असे कोणी विचारले तर आपण तिचा ताप किती उतरला ते सांगत नाही. आणि इस्पितळाच्या दारात ‘आई कशी आहे?’ या प्रश्नाला ‘मायाळू आहे’ असे उत्तर देत नाही. प्रसंगावरून आपण ओळखतो. स्पॅनिश माणूस ते क्रियापदात सांगतो.

माझ्या पुस्तकात याचा एक सोपा नियम दिला होता : जे कायमचे त्याला ‘सेर’, जे तात्पुरते त्याला ‘एस्तार’. नियम आवडला, आणि दुसऱ्याच दिवशी कोसाडपाशीच अडला. ‘कोसाड सुरतमध्ये आहे’ हे वाक्य मी ‘एस’ घालून लिहिले. कारण गाव काही उठून चालू लागत नाही. सूनबाईंनी खोडले. ‘एस्ता’ हवे. वस्तू, माणूस, गाव, डोंगर कुठे आहे हे सांगताना, ते हजार वर्षे तेथेच असले तरी, ‘एस्तार’च येते. उलट ‘मी विद्यार्थी आहे’ किंवा ‘ती तरुण आहे’ या वाक्यांत ‘सेर’ येते. आणि विद्यार्थिदशा काय किंवा तारुण्य काय, यांच्याइतके तात्पुरते दुसरे काय आहे? तेव्हा काळाच्या मापाने हा फरक मोजता येत नाही, एवढे पक्के झाले.

मग माझ्यातला संस्कृतचा मास्तर जागा झाला. ‘एस्तार’ हे लॅटिनमधल्या ‘स्तारे’ म्हणजे उभे राहणे या क्रियापदापासून आले आहे, आणि ते आपल्या ‘स्था’ धातूचे सख्खे भावंड आहे. स्थान, स्थिती, अवस्था हे सगळे शब्द त्या एका ‘स्था’चे. ‘सेर’ची वर्तमानकाळाची बहुतेक रूपे ‘अस्’ धातूच्या घराण्यातली : लॅटिनमध्ये ‘एस्त’, संस्कृतात ‘अस्ति’, स्पॅनिशमध्ये ‘एस’. अनेकवचनात लॅटिन ‘सुन्त’, संस्कृत ‘सन्ति’, स्पॅनिश ‘सोन’. आपले ‘असणे’ही याच ‘अस्’पासूनचे. हे कळल्यावर कोसाडचे कोडे सुटले. गाव कुठे आहे हे त्याचे स्थान, आई कशी आहे ही तिची अवस्था; दोन्हींत ‘स्था’ बसलेला, म्हणून दोन्हींना ‘एस्तार’. कोण, काय, कोठला, कोणत्या जातीचा, कोणत्या स्वभावाचा, हे सांगायचे तेथे मात्र ‘सेर’.

तरीही घाईत चुका होतच. म्हणून मराठीतूनच एक कसोटी शोधली, ती वाचकांनाही उपयोगी पडेल. ‘आहे’च्या आधी ‘-लेला, -लेली, -लेले’ असे रूप सहज बसत असेल, म्हणजे काही घडून गेल्यावर उरलेली दशा सांगायची असेल, तर ‘एस्तार’ घ्यावे. दार उघडलेले आहे, आजी बसलेली आहे, दिवा विझलेला आहे, तिन्हींना ‘एस्ता’. माझेच उदाहरण घ्या. ‘मी शिक्षक आहे’ यात ‘सोय’, हे ‘सेर’चे रूप, ‘मी निवृत्त झालेला आहे’ यात ‘एस्तोय’, हे ‘एस्तार’चे. शिक्षकपण अंगचे, निवृत्ती ओढवलेली! फळांचेही तसेच. ‘वेर्दे’ म्हणजे हिरवे. सफरचंद ‘एस वेर्दे’ म्हटले तर ते हिरव्या जातीचे. ‘एस्ता वेर्दे’ म्हटले तर अजून पिकलेले नाही. बाजारात पहिले ऐकून खुशाल घ्यावे, दुसरे ऐकले तर चार दिवस थांबावे.

कसोटीला एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा लागतो. ‘लग्न सुरतेला आहे’ यात जागा सांगितली आहे, तरी तेथे ‘एस’ येते, ‘एस्ता’ नव्हे. कारण लग्न ही वस्तू नाही. ती कोठे ठेवलेली नसते, घडते. ‘आहे’च्या जागी ‘होणार आहे’ घालून पाहावे. अर्थ टिकला तर ‘सेर’. लग्न सुरतेला होणार आहे, हे चालते; कोसाड सुरतेला होणार आहे, हे चालत नाही.

हे सारे वहीत नीट मांडून होईपर्यंत फाल्गुन उजाडला, आणि एका पहाटे आई गेली. शेजारच्या काकू दारात आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, ‘‘शांत झाल्या ना?’’ मराठीत शांत होणे म्हणजे काय हे आपल्याला सांगावे लागत नाही. तीन महिन्यांपूर्वी ज्या शब्दाने मी खुशाली कळवली होती, तोच शब्द आता ही बातमी घेऊन आला होता.

तेरावे झाल्यावर विहीणबाईंना स्वतः लिहायला बसलो. पहिल्याच वाक्याशी हात थांबला. मरण ही तर कायमची गोष्ट. परत फिरणे नाही. येथे तरी ‘सेर’ असेल? पण कसोटी लावली तर ‘गेलेली आहे’ हे रूप सरळ बसत होते. सूनबाईंनीही तेच सांगितले : ‘एस्ता म्वेर्ता.’ मेलेल्या माणसालाही स्पॅनिश भाषा ‘एस्तार’च लावते. मरण हा माणसाचा गुण नव्हे, त्याच्यावर आलेली एक अवस्था आहे. मात्र त्या पुढे म्हणाल्या, ‘‘बाबा, पत्रात असे नका लिहू. ते फार रोखठोक वाटते. ‘आ फायेसीदो’ लिहा.’’ म्हणजे ‘निवर्तली’. मी तसे लिहिले.

आठ दिवसांनी विहीणबाईंचे पत्र आले. फोनवरचा निरोप नव्हे, कागदावर हाताने लिहिलेले. मी कोश घेऊन बसलो, पण मधल्या एका ओळीला कोश लागला नाही. ‘सु माद्रे एरा त्रांकीला.’ तुमची आई शांत होती. ‘एरा’ हे ‘सेर’चेच भूतकाळाचे रूप. मार्गशीर्षात मी चुकून पाठवलेले वाक्य त्यांनी जपून ठेवले होते. फक्त काळ बदलून त्यांनी ते मला परत केले. त्या संध्याकाळी जे चूक होते, तेच आता बरोबर होते.

ते पत्र आईच्या तसबिरीमागे ठेवले आहे. ‘ठेवलेले आहे’, तेव्हा अर्थातच ‘एस्ता’.