आठवी मात्रा

भावगीताला चाल लावताना मी सुरांच्या आधी श्वासाच्या जागा ठरवते. कवितेचा कागद समोर ठेवून ओळ मोठ्यानं वाचते आणि जीभ जिथं आपोआप थांबते तिथं पेन्सिलीनं उभी रेघ मारते. स्वर बदलावे लागले तर बदलते, त्या रेघा मात्र सहसा हलवत नाही.

या लेखापुरती एक ओळ रचून घेते: ‘दूर गेले गाव माझे आणि मागे धूळ राहे’. ‘गालगागा’ चार वेळा, म्हणजे सात-सात मात्रांचे चार तुकडे. अशी ओळ हाती आली की रूपक ताल हाका मारू लागतो. ‘दूर’च्या तीन मात्रा, ‘गे’च्या दोन, ‘ले’च्या दोन; रूपकाचे खंडही तीन-दोन-दोन. शब्द तालात इतके चपखल बसतात की मध्ये जागाच उरत नाही. अठ्ठावीस मात्रा सलग भरलेल्या. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत ही ओळ चौदा सेकंद चालते आणि तिला जोडून लगेच दुसरी सुरू होते. मग गायिका कुठल्या तरी अक्षराचा शेवट खाऊन श्वास चोरते, आणि तो नेमका चुकीच्या जागी जातो. ‘गाव’ आणि ‘माझे’ यांच्यामध्ये श्वास ऐकू आला, की गाव कुणाचं हा धागाच तुटतो.

म्हणून अशी ओळ मी बहुधा केरव्यात बसवते. आठ मात्रांच्या आवर्तनात सात मात्रांचा तुकडा ठेवला की एक मात्रा मोकळी राहते. सगळा विचार या आठव्या मात्रेचा आहे. ती प्रत्येक आवर्तनात सारखीच रिकामी सोडली तर ओळीचे चार ठोकळे होतात आणि गाणं पाढ्यासारखं ऐकू येतं. ‘दूर गेले’नंतर वाक्य पुरं झालेलं नाही, म्हणून तिथं ‘ले’ लांबवून मी आवर्तन भरून टाकते आणि आवाज तसाच ‘गाव’वर नेते. ‘माझे’वर मात्र ‘झे’ एकाच मात्रेत आटोपते. सातवी आणि आठवी मात्रा पूर्ण रिकामी. याच लयीत तो एक सेकंद होतो, म्हणजे खांदे न उचलता भरपूर श्वास घेण्याइतका वेळ.

थांबण्याआधीचा स्वरही तितकाच महत्त्वाचा. चाल यमनमध्ये असेल आणि ‘माझे’ षड्जावर संपवलं, तर ऐकणाऱ्याला गोष्ट संपल्यासारखी वाटते. पुढचं ‘आणि’ शेपटासारखं लागतं. ऋषभावर थांबले तर कान अडकून राहतो. मग ‘आणि’ नी-रे-ग असं उचललं की दोन्ही अर्धी जोडली जातात. विरामात गाणं तुटतं, अशी तक्रार गायक करतात तेव्हा दोष पुष्कळदा त्याआधीच्या स्वराचा असतो.

ओळ दुसऱ्यांदा घेताना मी आणखी पुढं जाते. ‘आणि’ समेवर न घेता दुसऱ्या मात्रेवर घेते. समेवर फक्त तबल्याचा धा. ‘आणि मागे’च्या सात मात्रा उरलेलं आवर्तन पुरं भरतात आणि विसावा न घेता ‘धूळ’ला जाऊन भिडतात. एकूण शांतता आता तीन मात्रांची, दीड सेकंदाची. ही मुभा दुसऱ्या वेळेलाच. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पुढचा शब्द ठाऊक नसतो, त्याला एवढं ताटकळत ठेवलं तर ओळ सुटते. लय संथ केली तर हेच अंतर आणखी ताणलं जातं; तेव्हा शब्द पुन्हा समेवर आणावा.

श्वासाशी संबंध नसलेला एक छोटा विरामही लागतो. ‘हात तुझा’ सलग गायलं तर दोन ‘त’ एकमेकांत मिसळून ‘हातुझा’ ऐकू येतं. पहिल्या ‘त’नंतर पाव मात्रा आवाज बंद ठेवला की दोन्ही शब्द सुटे कळतात. मिंडेच्या सलग ओघात मात्र हा तुकडा बोचतो. अशा जागी मिंडच दुसऱ्या अक्षरावर हलवावी.

एवढं करूनही ध्वनिमुद्रणात जागा भरल्या जातात. बासरीवाल्याला मोकळ्या दोन मात्रा दिसल्या की हात शिवशिवतो. आवाजाला घुमारा जास्त दिला तर ‘झे’ची शेपूट विरामभर रेंगाळते आणि ‘आणि’चा पहिला ‘आ’ तिच्यात बुडतो. संकलनात श्वासाचे आवाज सरसकट कापले, तर पुढचा शब्द कुठूनही उगवल्यासारखा येतो. ते हलके करावेत, पुसू नयेत. मी अंतिम मिश्रणाआधी कविता न वाचलेल्या माणसाला गाणं एकदाच ऐकवते आणि ऐकू आलेले शब्द लिहायला सांगते. तो जिथं अडखळतो तिथं आधी बासरी बंद करून पाहते, मग घुमारा कमी करते. तरीही शब्द कळला नाही, तर पेन्सिलीची रेघच चुकीच्या जागी पडलेली असते आणि चाल पुन्हा बसवावी लागते.